अल्कोहोलचं ऑक्सिडेशन : ऑल्डिहाइड हवंय, ॲसिड हवंय की कीटोन, ते आधी ठरवा मगच बाटली उघडा

दरवर्षी जुलै-ऑगस्टात, म्हणजे बाहेर रत्नागिरीचा पाऊस कोसळत असताना, एमएस्सीची पोरं प्रोजेक्टचं प्रॉडक्ट घेऊन येतात आणि सांगतात, सर ऑल्डिहाइड केलं होतं पण एनएमआरमध्ये ॲसिड दिसतंय. काय वापरलंत विचारलं की उत्तर ठरलेलं, जोन्स, म्हणजे क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण, कारण लॅबमध्ये तेच होतं. नाहीतर पीसीसी, म्हणजे पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, वापरलं पण फ्लास्क नुसता ॲसिटोनने विसळून घेतलेला. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच, १-ऑक्टॅनॉल, १० मिलिमोल म्हणजे १.३० ग्रॅम. सेकंडरीसाठी मेंथॉल, तेही १० मिलिमोल, १.५६ ग्रॅम.

१. आधी प्रॉडक्ट ठरवा

प्रायमरी अल्कोहोलचं पहिलं ऑक्सिडेशन झालं की ऑल्डिहाइड. तिथे पाणी आणि आम्ल दोन्ही असलं की ऑल्डिहाइडला पाणी चिकटतं आणि त्याचं हायड्रेट बनतं, म्हणजे एकाच कार्बनवर दोन ओएच. आता हे हायड्रेट क्रोमियमच्या नजरेने बघा, त्याला ते पुन्हा एक अल्कोहोलच दिसतं, त्या कार्बनवर अजून एक हायड्रोजन शिल्लक असतो, परत क्रोमेट एस्टर बनतो, परत तुटतो आणि ॲसिड तयार. म्हणजे ऑल्डिहाइड पुढे जातं ते क्रोमियम 'स्ट्राँग' आहे एवढ्यावरून नाही तर पाण्यामुळे. जोन्समध्ये पाणी असतंच, त्यामुळे त्यात १-ऑक्टॅनॉलचं ऑक्टॅनॉइक ॲसिडच होणार, टाइम कमी करून किंवा बर्फ जास्त घालून ते थांबत नाही.

सेकंडरीला ही भानगड नाही. कीटोनचं हायड्रेट झालं तरी त्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच उरत नाही, गाडी तिथेच थांबते. म्हणून मेंथॉलचं मेंथोन करायला जोन्स चालतं, पीसीसी चालतं, ब्लीच पण चालतं, फरक पडतो तो कचऱ्यात आणि बाजूच्या ग्रुपांना काय होतं त्यात.

थोडक्यात ॲसिड हवं तर जोन्स, ऑल्डिहाइड हवं तर पीसीसी किंवा टेम्पो-ब्लीच, म्हणजे टेम्पो नावाचा कॅटॅलिस्ट आणि सोडियम हायपोक्लोराइट, कीटोन हवा तर माझं मत ब्लीच आणि ॲसेटिक ॲसिड. (टेम्पो म्हटलं की दरवर्षी वर्गात कोणीतरी भाजीच्या टेम्पोचा जोक मारतोच, तो इथे मारून झाला असं समजा.)

२. तयारी, आणि पावसाळ्यात जास्तच

हिशोब एकदा डोक्यात बसवा. १० मिलिमोल पाणी म्हणजे फक्त १८० मिलिग्रॅम, जेमतेम चार थेंब. म्हणजे फ्लास्कच्या गळ्याला चार थेंब राहिले तरी तुमच्या अल्कोहोलइतकंच मोलमध्ये पाणी आत गेलं. आपल्याकडे पापड दोन दिवसात सादळतात, मग सीलाइट आणि मॉलिक्युलर सीव्ह कसे कोरडे राहतील.

पोरं दोष देतात पीसीसीच्या बाटलीला, पण पीसीसी स्वतः हवेतलं पाणी फारसं ओढत नाही. ओलं असतं ते बाकीचं सगळं. त्यामुळे काचेची भांडी ओव्हनमधून काढून गरम असतानाच ड्रायिंग ट्यूब लावून गार करा. सीलाइट रात्रभर ओव्हनमध्ये ठेवा. सीव्ह ओव्हनमध्ये नुसते कोमट करून भागत नाही, ते फर्नेसमध्ये दोन-तीनशे डिग्रीवर तापवून डेसिकेटरमध्ये गार करा. डायक्लोरोमिथेन आधी कॅल्शियम क्लोराइडवर ठेवून मग डिस्टिल करून घ्या.

हे सगळं पीसीसी, स्वर्न म्हणजे डीएमएसओ आणि ऑक्झालिल क्लोराइडची पद्धत, वगैरेंसाठी. जोन्स आणि टेम्पो-ब्लीचमध्ये पाणी असतंच, तिथे भांडी वाळवत बसलात तर वेळ वाया.

*चेक :* सुरू करण्याआधी टीएलसीला अल्कोहोल आणि जमलं तर प्रॉडक्टचा ऑथेंटिक नमुना शेजारी-शेजारी लावून ठेवा. ऑक्टॅनॉल आणि ऑक्टॅनल दोन्ही यूव्हीत दिसत नाहीत, परमँगनेटचा स्टेन लागेल, ऑल्डिहाइडसाठी डीएनपीचा स्टेन, त्यात पिवळा-केशरी डाग लगेच उठतो. यूव्हीत काही दिसत नाही म्हणून रिअॅक्शन झाली असं समजून थांबलेली माणसं मी पाहिलीत.

३. जोन्स : ॲसिडसाठी एक क्रम, कीटोनसाठी उलटा

रिएजंट असा करा. क्रोमियम ट्रायऑक्साइड १३.४ ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवा, बर्फात ठेवून त्यात कॉन्संट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड ११.५ मिली हळूहळू सोडा, मग पाण्याने ५० मिली करा. या द्रावणात दर मिलीला साधारण २.६७ मिलिमोल क्रोमियम असतं. हिशोब सोपा आहे, प्रत्येक क्रोमियम तीन इलेक्ट्रॉन घेतं. कीटोनला दोन इलेक्ट्रॉन लागतात म्हणून १० मिलिमोल मेंथॉलला ६.७ मिलिमोल क्रोमियम, म्हणजे २.५ मिली. ॲसिडपर्यंत जायला चार इलेक्ट्रॉन, म्हणजे १० मिलिमोल ऑक्टॅनॉलला १३.३ मिलिमोल, ५ मिली, आपण ६ घेऊ.

सावधान : कोरडं क्रोमियम ट्रायऑक्साइड ॲसिटोनवर किंवा अल्कोहोलवर कधीही टाकू नका, पेट घेतं. स्पॅट्युला पुसलेला टिश्यू पेपर पण डस्टबिनमध्ये नाही, आधी पाण्यात. आणि सहा व्हॅलन्सीचं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे, ग्लोव्हज आणि हूड याला पर्याय नाही.

आता क्रम, इथेच सगळे चुकतात. कीटोन करायचा असेल तर मेंथॉल २० मिली ॲसिटोनमध्ये, बर्फात, आणि जोन्स थेंब-थेंब त्यात. थेंब पडला की केशरी, क्षणात हिरवा. केशरी रंग काही मिनिटं टिकायला लागला की थांबा, मग आयसोप्रोपॅनॉलचे थेंब टाकून उरलेलं मारा, सगळं हिरवं झालं पाहिजे.

ॲसिड करायचं असेल तर उलटं करा, जोन्स थंड ॲसिटोनमध्ये घ्या आणि ऑक्टॅनॉल ॲसिटोनमध्ये पातळ करून हळूहळू त्यात सोडा. कारण असं की अल्कोहोल जास्त आणि ऑक्सिडंट कमी अशी वेळ आली की नुकतंच बनलेलं ऑल्डिहाइड शेजारच्या अल्कोहोलला धरून हेमिॲसिटल बनवतं, त्याचंही ऑक्सिडेशन होतं आणि हातात येतो एस्टर, ऑक्टाइल ऑक्टॅनोएट. मग पोरं म्हणतात सर यील्ड कमी आला. यील्ड गेला कुठे, तो टीएलसीवर सगळ्यात वर बसलेला असतो.

*चेक :* ईथरमध्ये काढा आणि सोडियम बायकार्बोनेटने धुवा. ॲसिड पाण्याच्या थरात जातं, एस्टर आणि न झालेलं अल्कोहोल ईथरमध्ये राहतं. पाण्याचा थर आम्ल केला की ऑक्टॅनॉइक ॲसिड तेलासारखं वर येतं. पूर्ण झालं तर १.४४ ग्रॅम. वास बोकडासारखा येतो, हुंगायला जाऊ नका, तो स्वतःच येईल तुमच्याकडे.

मेंथॉलच्या बाबतीत एक गोष्ट, मेंथोनच्या कार्बोनिलशेजारच्या कार्बनवर आयसोप्रोपाइल ग्रुप आहे आणि आम्लात तो कार्बन उलटतो, म्हणजे आयसोमेंथोन मिसळतं. जोन्समध्ये रात्रभर ठेवून दिलं तर ऑप्टिकल रोटेशन भलतंच येतं. रिअॅक्शन संपली की लगेच वर्कअप.

४. पीसीसी : क्रोमियमच, पण पाण्याशिवाय

१० मिलिमोल ऑक्टॅनॉलला पीसीसी १.५ इक्विव्हॅलंट, म्हणजे ३.२ ग्रॅम. तेवढंच कोरडं सीलाइट त्यात खलून मिसळा. सीलाइट का, कारण रिअॅक्शन पुढे गेली की क्रोमियमचा काळा डांबरासारखा गोळा होतो, तो फ्लास्कला चिकटतो आणि तुमचं प्रॉडक्ट आत धरून बसतो. सीलाइट असेल तर तो दाणेदार राहतो.

डायक्लोरोमिथेन २५ मिलीमध्ये हे मिश्रण हलवत ठेवा, ऑक्टॅनॉल ५ मिलीमध्ये विरघळवून एकदम टाका. रूम टेंपरेचर. केशरीचं तपकिरी, मग काळं. दीड-दोन तास, टीएलसी बघा. मग ईथर ओता, आणि सिलिकाच्या छोट्या थरातून गाळा, काळा भाग ईथरने दोन-तीनदा धुवा. गाळलेलं द्रावण रंगहीन किंवा फार तर फिकट पिवळं यायला हवं, तपकिरी आलं तर सिलिकाचा थर पातळ पडला.

पाणी नसल्यामुळे हायड्रेट नाही, म्हणून गाडी ऑल्डिहाइडवर थांबते. पण पीसीसी आम्लधर्मी आहे हे विसरू नका. आमच्याकडे एका वर्षी सिट्रोनेलॉलवर काम चाललं होतं, गवती चहाच्या जातकुळीतल्या सिट्रोनेला गवताच्या तेलातलं, तेव्हा मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे कोणीतरी सरळ पीसीसी घातलं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर सिट्रोनेलॅल जवळपास नाहीच. झालं असं की आधी सिट्रोनेलॅल बनलं, आम्लामुळे त्यातला डबल बाँड ऑल्डिहाइडवर जाऊन रिंग बंद झाली, आयसोपुलेगॉल झालं, ते सेकंडरी अल्कोहोल म्हणून त्याचंही ऑक्सिडेशन झालं आणि शेवटी पुलेगोनकडे गेलं. पुलेगोन हवं असेल तर हीच पद्धत मुद्दाम वापरतात, पण आम्हाला नको होतं. उपाय साधा, ०.२ इक्विव्हॅलंट कोरडं सोडियम ॲसिटेट सुरुवातीलाच घाला, आम्ल मारलं जातं आणि सिट्रोनेलॅल हाती येतं. ॲसिटल, सिलिल ईथर असले आम्लाला घाबरणारे ग्रुप असतील तरी हेच.

सावधान : काळा गाळ म्हणजे क्रोमियम, बेसिनमध्ये नाही. शेवटी सांगतो काय करायचं.

५. टेम्पो-ब्लीच : आपल्याकडे सगळ्यात सोयीचं

याला ड्राय आइस लागत नाही, साधा बर्फ पुरतो, आणि बर्फाची कमतरता मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराशेजारी कोणाला असेल असं वाटत नाही. पण यात एक ठिकाणी हमखास माती होते, ते म्हणजे ब्लीचची ताकद. सोडियम हायपोक्लोराइट उन्हात आणि उकाड्यात आपोआप मरतं. लेबलवर जे छापलंय ते कॅनमध्ये शिल्लक असेलच असं नाही, मे महिन्यात आणून सप्टेंबरात वापरलंत तर नक्कीच नाही.

म्हणून आधी टायट्रेशन. १ मिली ब्लीच पाण्यात पातळ करा, पोटॅशियम आयोडाइड भरपूर घाला, ॲसेटिक ॲसिड घाला, लाल-तपकिरी आयोडीन सुटेल, ते ०.१ मोलर थायोसल्फेटने टायट्रेट करा, शेवटी स्टार्च. एका हायपोक्लोराइटला दोन थायोसल्फेट. समजा १३ मिली लागलं, तर ०.१ गुणिले १३ भागिले २, म्हणजे ०.६५ मिलिमोल दर मिलीला. आपल्याला १.१ इक्विव्हॅलंट हवं, ११ मिलिमोल, म्हणजे १७ मिली ब्लीच. याच हिशोबात ब्लीच अर्धं मेलेलं असतं तर १७ मिलीत अर्धंच अल्कोहोल झालं असतं आणि तुम्ही टेम्पोला शिव्या घातल्या असत्या.

दुसरं, पीएच. ब्लीच जसंच्या तसं फार अल्कलाइन असतं, बारा-तेराच्या घरात, तिथे रिअॅक्शन रेंगाळते. सोडियम बायकार्बोनेट चिमूट-चिमूट घालून पीएच पेपरवर नऊच्या आसपास आणा. हे वापरण्याच्या अगदी आधी करायचं, कारण असं पीएच उतरवलेलं ब्लीच टिकत नाही, आदल्या दिवशी करून ठेवू नका.

आता रिअॅक्शन. ऑक्टॅनॉल १.३० ग्रॅम डायक्लोरोमिथेन १५ मिलीत, टेम्पो १६ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त १ टक्का मोल, आणि पोटॅशियम ब्रोमाइड १२० मिलिग्रॅम अर्धा मिली पाण्यात. बर्फात ठेवा, जोरात ढवळा, दोन थर आहेत त्यामुळे हळू ढवळलं तर नुसते एकमेकांवर बसून राहतात. ब्लीच पंधरा मिनिटांत थेंब-थेंब, आतलं टेंपरेचर १०-१५ डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, थर्मामीटर आत ठेवा, बाहेरच्या बर्फाकडे बघून अंदाज करू नका, कारण ही चांगलीच तापते. केशरी छटा येते ती नॉर्मल आहे. ब्लीच संपल्यावर पाच-दहा मिनिटं, टीएलसी, आणि थांबा.

*चेक :* स्टार्च-आयोडाइड पेपर निळा झाला तर ब्लीच शिल्लक आहे. तो निळा आणि टीएलसीवर अल्कोहोल नाही, तर लगेच थायोसल्फेट घाला. पेपर पांढरा आणि अल्कोहोल शिल्लक, तर ब्लीच कमी पडलं, एक-दोन मिली अजून.

मग प्रश्न येतोच, इथे तर पाणीच पाणी आहे, ॲसिड का होत नाही? कारण ऑक्टॅनल बनलं की ते डायक्लोरोमिथेनमध्ये राहतं, हायड्रेट बनायला पाण्यात फारसं येत नाही, आणि तुम्ही काही मिनिटांत थांबता. यात फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्ट घातला आणि ब्लीच दुप्पट केलं तर ॲसिडच मिळतं, तशी पद्धतही आहे. म्हणजे 'माइल्ड' म्हणून ब्लीच जास्त ओतलं आणि जेवायला गेलात तर ऑल्डिहाइड तुमची वाट बघत बसणार नाही.

वर्कअपला ऑर्गॅनिक थर, थोडं पोटॅशियम आयोडाइड घातलेल्या पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवा, यात टेम्पो निघून जातो, मग थायोसल्फेटने, मग पाण्याने. पूर्ण झालं तर १.२८ ग्रॅम ऑक्टॅनल, एक ग्रॅमच्या वर आलं की मी समाधानी.

मर्यादा पण ऐका. सिट्रोनेलॉलसारखा इलेक्ट्रॉन भरपूर असलेला डबल बाँड असेल तर ही पद्धत टाळा, क्लोरीन त्या डबल बाँडवर जाऊन बसतं. तिथे पीसीसी आणि सोडियम ॲसिटेट, किंवा खिसा परवानगी देत असेल तर डेस-मार्टिन हा आयोडीनवाला रिएजंट.

६. मेंथॉलसाठी क्रोमियम कशाला?

मेंथॉल १.५६ ग्रॅम, ॲसेटिक ॲसिड ५ मिली, आणि वरच्याच ०.६५ च्या ब्लीचचे साडेअठरा मिली थेंब-थेंब, टेंपरेचर २५ च्या खाली, म्हणजे आपल्याकडे बर्फ लागणारच. अर्धा-पाऊण तास ढवळा, स्टार्च-आयोडाइड पेपर निळाच राहिला पाहिजे, नाहीतर अजून ब्लीच. मग बायसल्फाइटने उरलेलं मारा, ईथरमध्ये काढा, बायकार्बोनेटने ॲसेटिक ॲसिड धुवा, फेस येतो, सेपरेटिंग फनेलचा कॉक सारखा उघडत राहा.

सावधान : ब्लीचमध्ये आम्ल म्हणजे क्लोरीन गॅस, हूडशिवाय नाही. आणि ॲसेटिक ॲसिडच्या जागी हायड्रोक्लोरिक तर अजिबात नाही.

यातली गंमत अशी की टेम्पो-ब्लीच प्रायमरी अल्कोहोल आधी उचलतं आणि ॲसेटिक ॲसिडमधलं ब्लीच सेकंडरी आधी. एकाच रेणूत दोन्ही ओएच असतील तर, हायपोक्लोराइट तेच, पण टेम्पोने प्रायमरीचं ऑल्डिहाइड आणि ॲसेटिक ॲसिडने सेकंडरीचा कीटोन. जोन्सला असा भेदभाव जमत नाही, तो दोन्ही खातो.

७. स्वर्न आणि डेस-मार्टिन, दोन शब्दात

स्वर्नला उणे ७८ लागतं. बर्फात मीठ घालून उणे दहा-पंधरा मिळतं, त्यावर स्वर्न करायला जाऊ नका, ॲक्टिव्ह झालेलं डीएमएसओ तिथे टिकत नाही. ऑक्झालिल क्लोराइड आणि डीएमएसओ सॉल्व्हंटशिवाय, रूम टेंपरेचरला एकत्र केलं तर स्फोटासारखं उडतं. शिवाय डायमिथाइल सल्फाइडचा वास, शेजारच्या डिपार्टमेंटची तक्रार येईपर्यंत.

डेस-मार्टिन सोपं, १० मिलिमोलला ५ ग्रॅमच्या आसपास, कोरडं डायक्लोरोमिथेन, रूम टेंपरेचर, तासाभरात ऑल्डिहाइड, नाजूक रेणूही बऱ्यापैकी सुखरूप. पण महाग आहे, १.३० ग्रॅम ऑक्टॅनॉलवर ते उधळणं मला पटत नाही.

८. मिळालंय ते खरंच तेच आहे का

आयआरमध्ये १७२५ च्या आसपास कार्बोनिल आणि २७२० ला छोटा पण स्पष्ट बँड दिसला तर ऑल्डिहाइड. २५०० ते ३३०० असा पसरलेला ढिगारा दिसला तर ॲसिड मिसळलंय. एनएमआरमध्ये ऑक्टॅनलचा ऑल्डिहाइड प्रोटॉन ९.७६ ला ट्रिप्लेट. आणि हे त्याच दिवशी करा. ऑक्टॅनल हवेत ठेवलं तरी हळूहळू ॲसिड होतं, चार दिवस अर्ध्या भरलेल्या बाटलीत ठेवून मग एनएमआर काढलात आणि ॲसिड दिसलं तर रिअॅक्शनला दोष देऊ नका. नायट्रोजन सोडून, बाटली भरून, फ्रिजमध्ये.

९. क्रोमियमचा कचरा

आमच्या बेसिनचा पाइप नाल्यात आणि नाला खाडीत, बहुतेक कॉलेजात असंच आहे, त्यामुळे हे टाळू नका. जोन्सचं हिरवं द्रावण, पीसीसीचा काळा गाळ, ग्लासवेअरचं पहिलं धुवण, सगळं एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये, त्यात सॉल्व्हंट नको. पीएच २-३ वर आणा, सोडियम मेटाबायसल्फाइट थोडं-थोडं घाला (सल्फर डायऑक्साइड सुटतो, हूडमध्येच), पिवळा-केशरी रंग पूर्ण जाऊन हिरवा राहीपर्यंत. मग चुना घालून पीएच ८-९, हिरवट-राखाडी क्रोमियम हायड्रॉक्साइड खाली बसतं. रात्रभर ठेवा, गाळा. वरचं पाणी अजून पिवळं दिसलं तर सहा व्हॅलन्सीचं क्रोमियम शिल्लक आहे, परत पहिल्यापासून. गाळ वाळवून लेबल लावलेल्या डब्यात, आणि तो डबा घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत एजन्सीकडेच जाईल. लेबलवर तारीख आणि 'क्रोमियम हायड्रॉक्साइड' असं पूर्ण लिहा, नुसतं 'वेस्ट' लिहिलेला डबा कोणी उचलत नाही.